माक्याचं तेल

न्यू जर्सी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो, हे फोनवर सांगितलंच. हे पत्र एका लबाडीबद्दल आहे.

लग्नाच्या सकाळी नातीचे केस एवढे काळेभोर कसे, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘रात्री माक्याचं तेल चोळलं.’ मागच्या आठवड्यात त्याच केसांतून भांगाशी हिरवं डोकावलं आणि लेकीने सगळं ओकून टाकलं.

हळद उतरवून घर झोपल्यावर एक वाजता ती न्हाणीघरात शिरली. बॅगेत निळ्या रंगाची बाटली इथूनच लपवून नेलेली. काळ्यावर निळा दिसत नाही. आधी काळा उतरवावा लागतो. एक भाग पावडर, दोन भाग डेव्हलपर, पाऊण तास. तेवढ्यात लाईट गेली. मोबाईलच्या उजेडात तिला सगळं पांढरं वाटलं. डोक्याच्या उबेने मुळाशी रंग लवकर उतरतो, खाली रेंगाळतो. म्हणजे वर वसमतच्या हळदीसारखं पिवळं आणि खाली नारिंगी. त्यावर निळा फासला. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा झाला, नारिंगीत मिसळून शेणकट. लाईट आली तेव्हा आरशात डोक्यावर मेथीचा वाफा होता आणि खांद्यावर शेणाचा पो!

बंब पेटवायला तू साडेतीनला उठलीस. रडणाऱ्या नातीला पाहून ‘अगं माय’ एवढंच म्हणालीस म्हणे. मग ट्रंकेतल्या गोधडीखालून काळ्या रंगाचं पाकीट निघालं, सोबत जुना दातांचा ब्रश. ब्लीच केलेले केस फडक्यासारखे पितात, अर्ध्या तासात काम झालं. पण पितात तसे ओकतातही, म्हणून आता पुन्हा मेथी उगवली.

नांदेडकडची वऱ्हाडी मंडळी फाट्यावर खिचडी खाऊन मांडवात आली, तोवर तुम्ही दोघी गजरे माळून साळसूदपणे अक्षता वाटत होतात. मामींनी तर तिच्या केसांना दृष्ट लागू नये म्हणून बोटं मोडली!

रागावणार आहे ती एकाच गोष्टीसाठी. तो काळा रंग आधी कानामागे लावून दोन दिवस थांबायचं असतं. एखाद्याला सोसत नाही, तोंड सुजतं. त्यात तिचं डोकं ब्लीचने आधीच चुरचुरत होतं. नवरीआधी करवलीच दवाखान्यात गेली असती.

आता खरं बोल. वीस वर्षं मी सांगत सुटले आहे, ‘आमच्या आईचे केस माक्याच्या तेलाने काळे आहेत.’ इथल्या चार मैत्रिणींनी माझ्या शब्दावर भारतातून बाटल्या मागवल्यात. त्यांना काय सांगू ते कळव.

आणि पाकिटाचं नावही लिही. माझ्याही कानाशी दोन पांढरे दिसलेत.

तुझी लेक

ता. क. : गोधडीखालची जागा बदल. नातीने भावालाही सांगितलंय.