श्रावणातली दाढी

पंचविशीतल्या मुलाच्या गळ्यावर पुळ्या दिसल्या की घरात पहिला संशय बटाटेवड्यावर जातो. दुसरा रात्रीच्या जागरणावर. मुलगा लग्नाचा असला तर तिसरा संशय अंगातल्या उष्णतेवर, आणि मग सब्जा भिजत पडतो. वस्तऱ्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. दाढी ही स्वच्छतेत मोडते, आणि स्वच्छतेमुळे कुणाला काही झाल्याचं आपल्याकडे ऐकिवात नाही.

माझा भाचा एका हॉटेलात रिसेप्शनवर लागला आणि त्याच्या गालावरून रोज रेझर फिरू लागला. तिथला नियम असा की गाल चकचकीत हवा. काही महिन्यांत जबड्याच्या खाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, बारीक टणक पुळ्यांचं पीक आलं. ताईने तळण बंद केलं. भाच्याने मुरमांचं मलम आणलं, मग खरखरीत दाण्यांचा स्क्रब आणला. पुळ्यांमुळे दाढी नीट होईना, म्हणून तो रेझर जास्त दाबून फिरवू लागला, खालून वर, आणि गाल तोंडातून फुगवून. पुळ्या वाढल्या. ताईने लोणचंही बंद केलं.

अशा घरात मधेच श्रावण येतो. आमच्याकडे श्रावणात दाढी करत नाहीत. भाच्याने ही सवलत साहेबांकडून पहिल्याच वर्षी मागून घेतली होती. पहिल्या आठवड्यात त्याच्या गळ्याची अवस्था आणखी बिघडली, खाज इतकी की रिसेप्शनवर तो पाहुण्यांशी बोलताना मान वाकडी करून बोलायचा. पण महिना संपता संपता, दाढी बोटाच्या पेराला लागण्याइतकी झाली आणि पुळ्या बसल्या. "बघ," ताई म्हणाली, "कांदा-लसूण नाही, वडा नाही, महिन्यात चेहरा निवळला." गणपतीच्या आदल्या दिवशी भाचा सलूनमध्ये जाऊन तुळतुळीत होऊन आला, आणि दोन आठवड्यांत पीक पुन्हा उभं. ताईचं म्हणणं, मोदक तळलेले होते.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी गळ्याकडे पाहिलंच नाही आधी. कपाळ पाहिलं, नाकाच्या बाजू पाहिल्या, पाठ दाखवायला सांगितली. सगळं स्वच्छ. मुरूम तेलग्रंथीच्या तोंडाशी होतो. तिथे काळे-पांढरे ठिपके कोंडलेले दिसतात, आणि त्याला वस्तरा लागत नाही, त्यामुळे तो कपाळावर, छातीवर, पाठीवरही येतो. भाच्याच्या पुळ्या फक्त रेझर फिरे तिथे होत्या, आणि मिशीच्या जागी जवळपास नव्हत्याच. मग बाईंनी भिंग लावलं आणि मलाही पाहू दिलं. पुळीच्या आत काळी रेघ होती. केसच. बाहेर न पडता वळून आत शिरलेला.

कुरळा, राठ केस तिरपा कापला की त्याला टोक येतं, ऊसतोडणीनंतर शेतात उरलेल्या खोडक्यासारखं. आता तो वाढताना वळतो आणि शेजारच्या कातडीत पुन्हा घुसतो. शरीराला आपलाच केस परका वाटतो; तिथे सूज, लाली, कधी पू. दुसरी तऱ्हा अधिक लपलेली. कातडी ताणून, केसांच्या उलट दिशेने कापलं की केस ओढला जाऊन तुटतो, आणि कातडी सुटली की त्याचं टोक पृष्ठभागाखाली जातं. मग तो बाहेरच येत नाही, मुळाशीच भिंत फोडून आत जातो. गाल फुगवणं, दोन बोटांनी कातडी ताणणं, उलटा हात मारणं, ही सगळी कलाकुसर याच कामाला लागते. दोन-तीन पात्यांचा रेझर त्यातही निष्णात: पहिलं पातं केस उचलून ओढतं आणि तो परत बसायच्या आत पुढचं कापतं. तुळतुळीतपणाची जाहिरात ज्या गोष्टीची होते, तीच इथे दुखणं करते.

बाईंनी विचारलं, "श्रावणात कसं होतं?" मी ताईचं लोणचं-प्रकरण सांगितलं. त्या हसल्या. दाढी दिवसाला साधारण एक-तृतीयांश मिलिमीटर वाढते. महिन्याभरात ती सेंटिमीटरभर होते, आणि तेवढा केस स्वतःच्या ताणाने उसळून कातडीतून सुटतो. पहिल्या आठवड्यात बिघडतं कारण तेव्हा टोकं अजून आत शिरतच असतात. बरेच जण तिथेच घाबरून रेझर उचलतात. उपासाचा श्रेयनामा त्यांनी बाजूला ठेवला. खरं तर साबुदाण्याची खिचडी, उपासाची बटाटा भाजी आणि तळलेले पापड धरले, तर आमच्या घरात श्रावणातच तेल जास्त संपतं. (हे मी ताईला सांगितलेलं नाही.)

एक गोष्ट त्यांनी बजावली. प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळी पुळी, दुखरी, भोवती लालसर, आणि पसरत चाललेली, तर तो जंतूंचा संसर्ग असू शकतो. तिथे पू तपासून औषध ठरवावं लागतं, आणि शेजाऱ्याचं पातं किंवा टॉवेल वापरणं बंद. गोल कडा असलेला खाजरा चट्टा आणि हलकेच ओढले तरी निघणारे केस, तर ती बुरशी असू शकते. दोन्हींवर लोक दुकानातून स्टेरॉइडचं मिश्र मलम आणतात. लाली दोन दिवस जाते, बुरशी आत फोफावते.

भाच्याच्या प्रकरणात इलाज उघड होता आणि नोकरी आड येत होती. चार आठवडे दाढी नाही, हे साहेबांना चिठ्ठी दाखवून झालं. वळलेला केस दिसला तर निर्जंतुक सुईने फक्त त्याचा फास सोडवायचा. उपटायचा नाही, कारण उपटलेला पुन्हा तिथेच आत वाढतो. काळे डाग राहतात ते कित्येक महिने राहतात, त्यांना नवी पुळी समजून स्क्रब लावायचा नाही. केस फारच राठ असतील तर लेसर असतो, पण सावळ्या कातडीला त्याचा योग्य प्रकार निवडावा लागतो, नाहीतर डागांवर नवे डाग.

नंतर मशीन आलं. मिलिमीटरभर खुंट ठेवला तर टोक कातडीखाली जाऊ शकत नाही, आणि काउंटरच्या पलीकडून कुणाला तो दिसतही नाही. वार्षिक तपासणीसारख्या प्रसंगी रेझर लागलाच तर अंघोळीनंतर, फेस दोन-तीन मिनिटं मुरू देऊन, एकपाती, न दाबता, आणि बोटाने चाचपून केस जिकडे झुकले आहेत तिकडेच. हे चाचपणं महत्त्वाचं, कारण भाच्याच्या गळ्यावर केस डावीकडे खालून वर जातात आणि उजवीकडे गिरकी घेतात. "वरून खाली" हा नियम त्याला अर्ध्याच गळ्याला लागू होता.

सलूनवाल्या काकांना हे समजावणं मात्र कठीण गेलं. त्यांच्या सगळ्या आयुष्याचा नावलौकिक त्या उलट्या हातावर उभा. वस्तऱ्यात नवं अर्धं पातं त्यांनी न विचारता घातलं, फेसही भरपूर केला, आणि एक हात सरळ मारून झाल्यावर नेहमीसारखीच मान तिरपी करून कातडी ताणली. भाचा म्हणाला, "काका, आता उलटा नको." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे, आणि तुरटीचा खडा हातात घेऊन विचारलं, "मग पैसे अर्धेच घेऊ का?"