आधी जिना दाखवा

कोल्हापुरात राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांच्या जाहिराती वाचा. 'अंबाबाई मंदिराजवळ. प्रशस्त खोल्या. चोवीस तास गरम पाणी. घरगुती वातावरण.' हीच चार वाक्यं फिरून फिरून भेटतात. त्यातून पाहुण्याला कळत काहीच नाही, भांडणं मात्र चारही वाक्यांवरून होतात.

घरगुती निवासाच्या जाहिरातीचं पहिलं काम गर्दी खेचण्याचं नाही. ज्याला हे घर सोसणार नाही, त्याला घरबसल्याच ते कळवण्याचं आहे. हॉटेलवाला नाराज गिऱ्हाइकाला दुसरी खोली देतो. तुमच्याकडे दोनच खोल्या, आणि नाराज माणूस तुमच्याच सोप्यात बसलेला. दहा जणांपैकी नऊ जणांनी पाच तारे दिले आणि एकाने एकच दिला, तरी सरासरी 4.6 वर येते. तो दहावा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. त्याला चुकीचं सांगितलेलं असतं.

समजा, मंगळवार पेठेतलं जुनं घर आहे. खाली कुटुंब राहतं, वर पाहुण्यांच्या दोन खोल्या. आता ती चार वाक्यं एकेक करून तपासू.

'मंदिराजवळ.' नकाशावरची सरळ रेष जवळचीच दिसते. पाहुण्याबरोबर सत्तर वर्षांची आई असते, ती सरळ रेषेत चालत नाही. घड्याळ लावून स्वतः चाला, तेही घरातल्या वयस्कर माणसाच्या चालीने, आणि लिहा: 'मंदिर चालत बारा ते पंधरा मिनिटं.' पुढचं वाक्य गाडीचं. 'गल्ली अरुंद आहे, दारात दुचाकी लागते, चारचाकी लागत नाही. बिंदू चौकाच्या वाहनतळावर ठेवावी लागेल, तिथून रिक्षा मिळते.' नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात, हेही त्याच ओळीत हवं. पुण्याहून सात आसनी गाडी घेऊन निघालेल्याला हे गल्लीच्या तोंडाशी आल्यावर कळलं, की पुढचे दोन दिवस तुमचा चहासुद्धा त्याला कडू लागतो.

'प्रशस्त खोल्या.' खोली 10 बाय 11 फुटांची. त्यात 6 बाय साडेसहाचा पलंग टाकला, की बाजूला चार फुटांची पट्टी उरते. मोबाइलच्या 0.5 भिंगाने कोपऱ्यात उभं राहून फोटो काढला, की हीच खोली हॉलसारखी दिसते. म्हणून 1x वरच काढा. दारात उभं राहून, छातीच्या उंचीवरून, दुपारच्या उजेडात. एका फोटोत सगळी खोली मावली नाही तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन काढा. पण भिंग बदलू नका. मापं फुटांत लिहा. चार जण राहतात असं म्हणायचं असेल, तर 'दोघे पलंगावर, दोघे खाली गादीवर' असं पुढे लिहा.

पलंगावरच्या नव्या चादरीचे पाच फोटो टाकण्यापेक्षा पाच वेगळ्या जागा दाखवा: गल्ली, जिना, खोली, न्हाणीघर, संडास. जुन्या घरातला जिना उभा असतो, पायऱ्या अरुंद असतात. तो खालून वर असा काढा, म्हणजे चढ कळेल, आणि 'गुडघे दुखत असतील तर ही खोली घेऊ नका' असं सरळ लिहा. संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, खोलीला लागून की बोळाच्या टोकाला, हे फोटोत आणि शब्दांत दोन्हीकडे हवं. भिंतीचा फोटो जानेवारीतला असेल, तर तीच भिंत जुलैत पुन्हा काढा. ओल दिसत असेल तर ती जाहिरातीतही दिसू द्या किंवा पावसाळ्यात ती खोली बंद ठेवा.

'चोवीस तास गरम पाणी.' गच्चीवर सोलर असेल, तर जून ते ऑगस्ट हे वाक्य खोटं ठरतं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर असेल, तर एकदा तापलेल्या पाण्यात गार मिसळून दोनेक बादल्या होतात. मग पुढच्या पाण्यासाठी साधारण वीस मिनिटं थांबायचं. पहाटे काकड आरतीला निघालेल्या चौघांच्या आंघोळीचं गणित यावरच ठरतं. लिहा: 'गीझर पंधरा लिटरचा. चौघे असाल तर पहिली आंघोळ निघण्याच्या दीड तास आधी सुरू करा.' इन्व्हर्टर आहे म्हणताना त्यावर काय चालतं तेही सांगा: दिवे आणि पंखा चालतो, गीझर आणि एसी चालत नाही.

'घरगुती वातावरण.' खरे नियम याच दोन शब्दांआड लपतात. तांबडा-पांढरा मिळेल असं लिहिता, तर एकाच ओट्यावर शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक होतो का, भांडी वेगळी आहेत का, हे सांगितलंच पाहिजे. देवीच्या दर्शनाला आलेल्या कित्येकांसाठी तो पहिला प्रश्न असतो. उलट, सोमवारी किंवा श्रावणात तुमच्या घरी मटण शिजत नसेल, तर खास रश्श्यासाठी येणाऱ्यालाही ते आधी कळायला हवं. रात्रीचं जेवण हवं असल्यास दुपारी बारापर्यंत सांगा, ताटाचा दर इतका, हेही तिथेच.

नियम पाच-सहाच ठेवा आणि प्रत्येकाला कारण जोडा. 'रात्री दहानंतर फाटक बंद' हे वाचून पाहुणा बिचकतो. 'घरात वयस्कर माणसं लवकर झोपतात, दहानंतर येणार असाल तर आधी फोन करा, दार उघडू' हे वाचून तो फोन करतो. दारू, सिगारेट, बाहेरची माणसं खोलीत आणणं, यांतलं जे चालत नाही ते नावानिशी लिहा. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागेल, आधारचे शेवटचे चार अंक दिसणारी मास्क केलेली प्रत चालेल, असंही लिहा. फाटकावर कॅमेरा असेल तर तो कुठे आहे आणि कुठवरचं टिपतो ते सांगा. खोलीत कॅमेरा असताच कामा नये. दारात उभ्या असलेल्या माणसाला नवा नियम सांगणं ही फसवणूक आहे.

आणि एक नियम खास कोल्हापूरचा, तो पुराचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पुराच्या पाण्याने बंद पडला. अशा वेळी आगाऊ पैशांचं काय, याचं उत्तर पाणी चढल्यावर शोधलं, की वाद अटळ. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. तिथली पाणीपातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते, दोन्ही बाजूंना तपासता येते. मग लिहा: 'नदीने 43 फूट ओलांडले किंवा महामार्ग बंद झाला, तर संपूर्ण पैसे परत.'

आता नवी जाहिरात वाचा. 'मंगळवार पेठेतलं जुनं घर, आम्ही खाली राहतो. मंदिर चालत बारा ते पंधरा मिनिटं. चारचाकी दारात येत नाही. जिना उभा आहे. खोली 10 बाय 11, दोघांना पुरेशी. संडास खोलीला लागून, भारतीय पद्धतीचा. गीझर पंधरा लिटरचा. सोमवारी आणि श्रावणात मांसाहार नाही.' हे वाचून काही जण दुसरीकडे जातील, आणि त्यांनी जावंच. जे येतील, त्यांची जिन्यावरून तक्रार येणार नाही.

आज आपली जाहिरात उघडा. ज्या वाक्याला आकडा देता येत नाही किंवा ज्याचा फोटो काढता येत नाही, ते वाक्य खोडून टाका.