पाकीट उघडा, मग सही करा

कर्ज फिटलं की बँक एक पत्र देते. त्यात कर्ज खातं बंद झाल्याचं लिहिलेलं असतं आणि खाली तुमच्या घराच्या मूळ कागदांची यादी असते. पुढे शाखेतून फोन येतो, एक सीलबंद पाकीट समोर ठेवलं जातं आणि त्याच्या आधी एक पावती सरकवली जाते: ‘वरील सर्व कागदपत्रे सुस्थितीत मिळाली.’ पंधरा-वीस वर्षं हप्ते भरलेला माणूस त्या आनंदात सही करतो आणि पाकीट घरी जाऊन कपाटात ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सही पाकीट फोडून कागद मोजल्यानंतरच करा.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंबरोबर मी अशाच कामाला गेलो होतो. फ्लॅट पुनर्विक्रीतला. बिल्डरने पहिल्या मालकाला 2004 साली विकलेला, त्याच्याकडून काकूंनी 2014 साली घेतलेला. म्हणजे मूळ करारनामे दोन. कर्ज आधी एका बँकेचं होतं, व्याज कमी म्हणून 2018 साली दुसरीकडे नेलेलं. शेवटचा भरणा 6 जानेवारीला झाला आणि 20 जानेवारीला शाखेने बोलावलं. “काकू, आधी इथे सही करा, मग पाकीट देतो,” टेबलामागचा मुलगा म्हणाला. त्यात त्याची लबाडी नव्हती. कागद शाखेत नसतात, दूरच्या मध्यवर्ती साठवणुकीतून बंद पाकिटात येतात. आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या ‘सर्व मिळाले’ला काही अर्थ नव्हता. आम्ही त्याच्याच टेबलावर पाकीट फोडलं.

काकूंच्या पिशवीत कर्ज घेतानाची पोच होती, पहिल्या बँकेची आणि हस्तांतरणावेळची दुसरीचीही. हा कागद जपून ठेवणारी माणसं कमी. तपासणी मात्र त्याच्यावरच उभी असते. बंद झाल्याच्या पत्रातली यादी बँकेच्या संगणकातून निघते. नोंद करताना एखादा कागद राहून गेला असेल तर तो पत्रातही नसतो आणि त्याची उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही काय दिलं होतं ते पोचच सांगते. म्हणून आम्ही पोच, पत्र आणि पाकिटातला कागद असे तिन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ लावत गेलो.

2014चा करारनामा आधी घेतला. नोंदणी कार्यालयाची पावती पाकिटातच होती. तिच्यावर नोंदणी फीखाली ‘दस्त हाताळणी फी’ 1360 रुपये आणि ‘पृष्ठांची संख्या’ 68 असं छापलेलं होतं. पानामागे तेव्हा वीस रुपये, हिशेब जुळतो. आपल्याकडे नोंदलेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचा शिक्का, दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक असतो: 1/68, 2/68 असा. काकूंनी चष्मा लावून 68 पानं उलटली. शेवटची फोटो आणि अंगठ्यांची पानं, ‘दस्त गोषवारा’ लिहिलेली, तीही होती. दहा मिनिटं गेली. मागे रांगेतले गृहस्थ चुळबुळले, पण कोणी हटकलं नाही.

2004चा दस्त पहिल्या नजरेला अगदी खरा वाटला. निळ्या सह्या, जांभळा शिक्का, सगळं रंगीत. पान पालटलं तर पाठ गुळगुळीत. पेनाने सही केली की कागदाच्या मागे बोटाला खळगा लागतो, शिक्क्याची शाई कुठेतरी झिरपलेली दिसते. इथे सही, शिक्का आणि छापील मजकूर यांची चकाकी एकसारखी होती. कोपऱ्यात पंचिंगच्या भोकाची काळी गोल सावली दिसत होती आणि तिथे भोकच नव्हतं. रंगीत झेरॉक्स. बँकेच्या पत्रात मात्र अनुक्रमांक 3 समोर ‘मूळ’ असं लिहिलेलं.

आधीच्या मालकाचा करारनामा गेला तर काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. मालकी साखळीने सिद्ध होते. उद्या फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराची बँक दोन्ही मूळ दस्त मागणार. दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत मिळते, पण तिने त्या बँकेचं समाधान होईलच असं नाही. नुसते मूळ कागद ठेवून घेऊनही गहाण तयार होतं, त्यामुळे मूळ गायब म्हटलं की ते कोणाकडे तारण पडलं असेल ही शंका आधी येते.

काकूंनी पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘अनु. क्र. 3, सन 2004चा मूळ करारनामा मिळाला नाही. त्याऐवजी रंगीत छायाप्रत दिली. बाकीचे कागद मोजून मिळाले.’ खाली तारीख, सही. बँकेचा शिक्का मारून घेतला, मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी तोच मजकूर बँकेला ईमेल केला. ‘सर्व मिळाले’वर सही झाली असती तर पुढचं सगळं काकूंना सिद्ध करत बसावं लागलं असतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम इथे कामी येतो. 13 सप्टेंबर 2023च्या परिपत्रकाने आलेल्या या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत सर्व मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. ज्यांचे कागद 1 डिसेंबर 2023 किंवा त्यानंतर देय झाले त्यांना हे लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद हरवला किंवा खराब झाला तर नक्कल मिळवायला बँकेने मदत करायची आणि खर्च सोसायचा. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात, भरपाई त्यानंतर मोजली जाते. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांना हे लागू होतं, धंद्यासाठी उचललेल्या कर्जाला नाही. हरवल्याची पोलीस तक्रार ग्राहकाच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होतो. ज्याच्या ताब्यातून कागद गेला त्याने ती करावी, असं मी तरी ठामपणे सांगतो.

काकूंचा दस्त हरवला नव्हता. 2018 साली खातं हलवताना तो आधीच्या बँकेकडेच दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये गेला होता, आणि दुसऱ्या बँकेने आलेली छायाप्रत ‘मूळ’ म्हणून नोंदवली होती. त्या वेळी काकूंसमोर कोणी पाकीट फोडलं नव्हतं. खातं बदलणाऱ्यांनी ही जागा विशेष सांभाळावी. दोन बँकांमधल्या या प्रवासात आपण हजर नसतो.

दस्त 17 फेब्रुवारीला आला. तीस दिवस 5 फेब्रुवारीला संपले होते, म्हणजे बारा दिवस उशीर, साठ हजार रुपये. ती भरपाई मागण्याचा अर्ज काकूंनी पावतीच्या फोटोसह दिला. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तो पत्ता त्यांनी अर्जाच्या प्रतीमागेच लिहून ठेवलाय.

दस्त आला त्या दिवशी टेबलामागे तोच मुलगा होता. त्याने या वेळी पाकीट आधी पुढे केलं. काकूंनी करारनामा काढला, पहिलं पान उलटं करून सहीच्या जागी बोट फिरवलं आणि मोजायला सुरुवात केली: एक भागिले बावन्न, दोन भागिले बावन्न.