सपाटकाका

प्रत्येक सोसायटीत एक सपाटकाका असतात. टूलरूममधून निवृत्त झालेले. लग्नात पानावर बसले तरी आधी टेबलाला डोळा लावून पाहणारे. पूर्वी ते दारांच्या चौकटी तपासत. आता पोरांनी थ्रीडी प्रिंटर घेतल्यापासून त्यांचा भाव वधारला आहे.

चौथ्या मजल्यावरच्या ओंकारचा पहिला थर कोपऱ्यांत चिकटे आणि मध्यभागी सुटे. "काका, चारही कोपरे लेव्हल केलेत."
"कोपरे लेव्हल झाले रे, पण बेड सपाट आहे का?"

स्टीलची पट्टी पंचात गुंडाळून आली. काकांचा पट्टीवरही विश्वास नसतो. आधी ती खिडकीच्या काचेवर उभ्या धारेने ठेवून तपासली, मगच हुकूम सुटला, "६० अंशांवर तापव. पंधरा मिनिटं थांब. थंड बेड खोटं बोलतो." ओंकारच्या आईने तेवढ्यात चहा टाकला. काकांना ही पद्धत आवडण्याचं तेही एक कारण असावं.

मग पट्टी दोन्ही कर्णांवर, मध्यातून उभी-आडवी, मागे मोबाइलची बॅटरी. मध्यभागी उजेडाची फट दिसली. फीलर गेजचं ०.३५ मिमीचं पान आत गेलं, ०.४० चं अडलं. "तुझा थर ०.२ चा, खड्डा ०.३५ चा. चिकटेल कशाला?"

ओंकार बेड बदलायलाच निघाला होता. काकांनी आधी खालचे स्क्रू पाहिले. स्प्रिंगा पार दाबून टाकल्या होत्या, त्यामुळे ताण येऊन पत्राच वाकला होता. स्क्रू सैल केले, पुन्हा मोजलं, ०.२० राहिलं. प्रिंटरला प्रोब असता तर एवढं त्याने सांभाळून घेतलं असतं. ओंकारच्या प्रिंटरला तो नव्हता.

"मग काच टाक. ४ मिमीची, कडा घासून आण. खड्ड्यावर काच कडांवर टेकते, मध्ये अधांतरी राहते आणि सपाटच राहते. फक्त एंडस्टॉप तेवढाच वर घे, नाहीतर नोझल काचेत घुसेल. आणि खाली हवा आहे, तापायला वेळ दे." म्हणजे आणखी एक चहा.

हे ऐकून सहाव्या मजल्यावरच्या साहेबांनीही काच आणली. त्यांचा बेड मध्ये फुगलेला. काच त्यावर डुगडुगली. साहेबांनी चिमटे लावून चारही कोपरे आवळले, तशी काचही फुगवट्यासारखीच वाकली. काकांनी चिमटे काढून बोटाने एक कोपरा दाबला, समोरचा उचलला गेला. स्क्रू सैल करून पाहिले, फुगवटा तसाच. तापवल्यावर तर वाढला.

"हा गेला. नवा आणा."
"काका, दोन हजारांचा पत्रा आहे!"
"मग फुगवट्यावर प्रिंट करा. काय छापायचंय, पुऱ्या?"

नवा बेड आला. जुना काका मागून घरी घेऊन गेले, कुंडीखाली ठेवतो म्हणाले. काकू सांगतात, कुंडी डुगडुगते म्हणून सध्या तिच्याखाली फीलर गेजचं पान आहे.