लिंक आगिदे!

निपाणीची एक मुलगी बेंगळुरूला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहायला हॉस्टेल, रविवारी जेवायला गवीपुरमला मामा. तिची शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या पोर्टलवर मंजूर होऊन तीन महिने झाले. वर्गातल्या मैत्रिणींना पैसे मिळाले, हिच्या खात्यातून मात्र उलट एसएमएसचे चार्जेस कापले गेले.

मामा निवृत्त असल्यामुळे बँकेत जायला निमित्तच हवं होतं. पासबुक, आधारच्या पाच झेरॉक्स आणि भाचीला घेऊन तो काउंटरवर उभा राहिला. आतल्या बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिंक आगिदे." लिंक झालंय! मग पैसे? "नाळे बन्नी." उद्या या.

नव्वदच्या दशकात बेंगळुरूत रात्री दार ठोठावणाऱ्या भुताची अफवा होती. लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवत. भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या रात्री पुन्हा येई, पुन्हा तेच वाची. मामा तीन दिवस त्या भुताच्या निष्ठेने जात राहिला.

बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच तर गंमत. खात्याला आधार जोडलेलं असणं ही बँकेच्या घरातली नोंद. कोणत्या बँकेत जायचं हे ठरवताना सरकारी पैसे ती नोंद बघतच नाहीत. ते आधार क्रमांकावर निघतात आणि वाटेत एनपीसीआयच्या नोंदवहीला, म्हणजे मॅपरला, विचारतात, "ह्या आधारची बँक कोणती?" तिथे एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं. नव्या बँकेने तुमची संमती घेऊन स्वतःचं नाव चढवलं की जुनी गळते. त्यामुळे एखाद्याची चार खाती आधारला 'लिंक' असू शकतात, पण पैसे यायचं दार एकच. मामाने पासबुकातला आयएफएससी कोड भिंग लावून दोनदा तपासला होता. या प्रवासात तो कोड कुणी वाचतही नाही.

चौथ्या दिवशी भाचीने DBT Karnataka ॲप उघडलं. पैसे निघाले होते, पण परत गेले होते. कारण लिहिलं होतं: Account Closed or Transferred. पण हातातलं पासबुक तर चालू खात्याचं! तेव्हा myaadhaar.uidai.gov.in वर जाऊन Bank Seeding Status बघायचं ठरलं. त्याला ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल निपाणीला पप्पांच्या खिशात.

पप्पा फसवणुकीच्या बातम्या वाचून तयार झालेले. पोटच्या पोरीलाही ओटीपी देईनात. "आधी सांग, आजीच्या गाईचं नाव काय?" नाव बरोबर निघालं, तरी कुरकुरले, "मागच्या वर्षीही असाच एक घेतलास. म्हणे पप्पा, बाटली मिळतेय."

बाटली! पानावर आधारचे शेवटचे आकडे आणि खाली भलत्याच बँकेचं नाव. ही पोरगी त्या बँकेची पायरीही चढली नव्हती. शेवटच्या बदलाची तारीख मात्र ओळखीची होती. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात फाटकाशी टेबल मांडून एक मुलगा पाच मिनिटांत खाती उघडून देत होता, वर पाण्याची बाटली फुकट. मोबाइलवर तीन ठिकाणी 'मान्य' दाबलं, त्यातलं एक मॅपरसाठी होतं. नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्याची पूर्ण केवायसी वर्षभरात करावी लागते. हिने केली नाही, खातं बंद झालं. मॅपरमधलं नाव मात्र तसंच राहिलं. मेलेल्या माणसाच्या पत्त्यावर मनीऑर्डर जावी, तसं झालं.

आता मामा बँकेत गेला तो 'लिंक' हा शब्द गिळूनच. "एनपीसीआय सीडिंगचा फॉर्म द्या." बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्या फॉर्मात आधीच्या बँकेचं नाव लिहून, तिच्याऐवजी ह्या बँकेत पैसे यावेत, अशी सही करायची असते. सही झाली आणि नवीन घोळ निघाला: पासबुकात मुलीचं नाव आणि वडिलांच्या नावाचं एक इंग्रजी अक्षर, आधारवर आडनावासकट पूर्ण नाव. नावं जुळेनात. म्हणून आधी नावदुरुस्तीचा अर्ज, सोबत आधार आणि दहावीचं मार्क्स कार्ड, मग सीडिंग. ह्या वेळचं "नाळे बन्नी" खरं ठरलं.

तरी मामाने पोचपावतीवर विश्वास ठेवला नाही. रोज सकाळी तेच पान, रोज पप्पांकडे ओटीपी, रोज गाईचं नाव. पाचव्या दिवशी पासबुकाच्या बँकेचं नाव आणि ताजी तारीख दिसली. परत गेलेले पैसे बँक बोलावू शकत नाही, ते सरकारी विभागानेच पुन्हा पाठवायचे असतात. म्हणून भाचीने मागासवर्ग कल्याण विभागाच्या कार्यालयात ते पान छापून अर्ज दिला.

पुढे दीड महिना काही नाही. मामाने पासबुक भरून आणलं, तेव्हा रक्कम अकरा दिवसांपूर्वीच जमा झालेली. बँकेचा मेसेज पप्पांच्या फोनवर गेला होता. पप्पांनी तो लबाडांचा समजून डिलीट केला होता, नंबर ब्लॉक करून.