आधी कारण द्या

माझी तक्रार एका कागदाबद्दल आहे. तो कागद प्राप्तिकर खात्याकडे आधीपासून लिहून तयार असायचा, तरी नोटिशीसोबत पाठवला जात नसे. 29 मार्च 2018 या तारखेची नोटीस आरमोरीला आमच्या घरी रजिस्टर टपालाने आली. कलम 148, कर निर्धारण वर्ष 2011-12, नाव बाबांचे. मजकुराचा सारांश एवढाच: तुमचे उत्पन्न करआकारणीतून सुटले आहे असे मानण्यास मला कारण आहे, तीस दिवसांत विवरणपत्र भरा. कोणते उत्पन्न, किती, कुठून कळले, याबद्दल एक अक्षर नव्हते. सात वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा हिशोब मागायचा आणि व्यवहार कोणता ते सांगायचे नाही, हे मला त्या दिवशी पटले नाही आणि आजही पटत नाही.

बाबा कास्तकार. धानाच्या बांध्या, एक बचत खाते, आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नाही, कारण भरण्याइतके करपात्र उत्पन्नच नव्हते. नोटीस वाचून त्यांनी आधी विचारले, “शेतावर कर लागला का रे?” मग पेटीतले सगळे सातबारे काढून बसले. कोणते कागद शोधायचे तेच कळत नसल्यामुळे घरात सगळेच शोधले गेले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशा नोटिशी का येतात, हे सी.ए.नी सांगितले. तेव्हाच्या कायद्यात सुटलेले उत्पन्न लाखाचे किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षांपर्यंत नोटीस काढता येत होती. 2011-12 ची मुदत 31 मार्च 2018 ला संपत होती. म्हणून त्यांनी नोटिशीच्या आधी लिफाफा मागितला. नोटिशीवर मार्चची तारीख असली आणि ती टपालात एप्रिलमध्ये पडली असली, तर मुदतीचा प्रश्न उभा राहतो. आमच्या लिफाफ्यावर मार्चचाच शिक्का होता. तरी लिफाफा जपून ठेवायला सांगितला.

तेव्हा कारण मागायचे तर आधी काय करायचे, याचा क्रम सर्वोच्च न्यायालयाने जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्सच्या निकालात 25 नोव्हेंबर 2002 रोजी घालून दिला. नोटीस आली की विवरणपत्र भरा. मग हवी असतील तर कारणे मागा. अधिकाऱ्याने ती वाजवी वेळेत दिली पाहिजेत. त्यावर हरकती घेता येतात आणि त्या हरकतींवर अधिकाऱ्याने कारणांसह वेगळा आदेश काढला पाहिजे. “कारण कळल्याशिवाय मी काहीच भरणार नाही” असे म्हणून बसणारे लोक इथेच फसत. विवरणपत्र न भरता कारणे मागितली, तर न देण्याची सबब अधिकाऱ्याला आयती मिळत होती. आम्ही एप्रिलमध्येच विवरणपत्र भरले: बँकेचे थोडे व्याज, शेतीचे उत्पन्न आणि कर शून्य. त्याच आठवड्यात अर्ज दिला. त्यात कलम 148(2) खाली नोंदवलेल्या कारणांची प्रत, जशी नोंदवली तशी, आणि वरिष्ठांच्या मंजुरीची प्रत मागितली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली.

“जशी नोंदवली तशी” हे शब्द सी.ए.नी मुद्दाम घातले. मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात सांगितले आहे की कारणे नोंदवली त्याच रूपात वाचायची. मागाहून त्यांत भर घालता येत नाही की काही वगळता येत नाही. कारणांचा गोषवारा हातात आला तर मूळ कागदावर काय होते ते कळत नाही. शिवाय मागूनही कारणे दिलीच नाहीत तर पुढची फेरआकारणी टिकत नाही, असे याच न्यायालयाने 2011 मध्ये विदेश संचार निगमच्या प्रकरणात म्हटले. म्हणून तो आवक शिक्का सांभाळायचा. शिक्का नसेल तर आपण कारणे मागितली होती हेच सिद्ध करता येत नाही.

कारणे नोव्हेंबरच्या शेवटी आली. एप्रिल ते नोव्हेंबर कशात गेले ते कुणी सांगितले नाही. पूर्ण मजकूर तीन वाक्यांचा होता. वार्षिक माहिती विवरणानुसार 2010-11 मध्ये बचत खात्यात 13,70,000 रुपये रोख जमा झाले. विवरणपत्र भरलेले नाही. त्यामुळे 13,70,000 रुपयांचे उत्पन्न करआकारणीतून सुटले आहे. वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँकेला ते कळवावे लागत होते. बँकेने कळवले, यात तिची काही चूक नाही.

पासबुक उघडल्यावर सगळे एका पानावर दिसले. जून 2010 मध्ये 6,20,000 जमा. हे नगरपालिकेच्या हद्दीपासून लांब असलेल्या गावातली वहितीची जमीन विकल्याचे पैसे, ज्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ऑगस्टमध्ये 5,50,000 काढले, घरासाठी प्लॉट घ्यायचा म्हणून. सौदा फिसकटला. ऑक्टोबरमध्ये 5,40,000 परत भरले. फेब्रुवारीत धानाचे 2,10,000. बेरीज 13,70,000 बरोबर जुळते, कारण त्यात फक्त जमेचा रकाना मोजला आहे. जमिनीचे तेच पैसे जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा मोजले गेले. ऑगस्टची रक्कम काढल्याची ओळ मधोमध उभी आहे आणि ती कुणी पाहिलेली नाही.

हरकतीत आम्ही हेच लिहिले. सोबत खरेदीखत, फेरफार, पासबुकाचे पान आणि धान विक्रीच्या पावत्या जोडल्या. खात्यात रोख जमा होणे म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि अधिकाऱ्याने स्वतः विचार केल्याचे कारणांत दिसले पाहिजे, हा मुद्दा घेतला. हरकतीची मर्यादाही सांगायला हवी. या टप्प्यावर खात्याला उत्पन्न सुटल्याचे सिद्ध करावे लागत नाही. तसे मानायला सकृद्दर्शनी आधार असला तरी पुरतो. विवरणपत्रच न भरणाऱ्या माणसाची बाजू इथे आणखी लंगडी पडते.

12 डिसेंबरच्या आदेशाने हरकती फेटाळल्या. ऑगस्टच्या ओळीचा त्यात उल्लेख नव्हता. हरकती फेटाळल्यावर चार आठवडे पुढची कारवाई करू नये, म्हणजे माणसाला न्यायालयात जाता येईल, असे मुंबई उच्च न्यायालयाने एशियन पेंट्सच्या प्रकरणात सांगितले आहे. पण आमच्या आकारणीची मुदत 31 डिसेंबरला संपत होती. कारणे नोव्हेंबरअखेर दिल्यावर ते चार आठवडे कुठून येणार? उशीर त्यांचा आणि वेळ कापला गेला आमचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच कागदपत्रे पुन्हा मागवली आणि भरलेले विवरणपत्र जसेच्या तसे मान्य केले. कारणांचा तो कागद मार्चच्या लिफाफ्यात असता, तर एप्रिलमध्येच पासबुकाचे पान दाखवून विषय मिटला असता आणि बाबांनी पावसाळाभर पेटीची किल्ली उशाशी ठेवली नसती.

1 एप्रिल 2021 पासून क्रम उलटा झाला आहे. कलम 148अ खाली आधी माहिती द्यायची, तुमचे म्हणणे ऐकायचे, मग नोटीस काढायची की नाही ते आदेशाने ठरवायचे. हे योग्यच झाले. पण आमच्या शेजाऱ्यांना आलेल्या अशा नोटिशीत “सोबत जोडल्याप्रमाणे” असे लिहिले होते आणि सोबत काही जोडलेले नव्हते. ते जोडपत्राची वाट पाहत बसणार होते. आता उत्तराची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते आणि ती उलटली की हाती असलेल्या कागदांवर आदेश निघतो. म्हणून त्यांच्याकडून त्याच संध्याकाळी पोर्टलवर उत्तर टाकून घेतले: जोडपत्र मिळालेले नाही, ते द्यावे, ते मिळेपर्यंत मुदत वाढवावी, आणि खात्यातल्या रोख जमेबद्दल असेल तर हे पासबुक, काढलेल्या रकमांसह. पोचपावती छापून लिफाफ्यात घातली.