वहीतले गोल

जयपूरच्या राजा पार्कात आमचे मास्टरजी नवरात्रात हसत नाहीत. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. इथे करवा चौथ म्हणजे शिंप्याची वार्षिक परीक्षा. आपल्या पंचांगात ती अश्विनातली संकष्टी. आपण चंद्र बघून मोदक खातो, इथे चंद्र निघण्याआधी ब्लाउज अंगात बसावा लागतो.

मास्टरजींची वही लांबट, कार्बन घातलेली. पानावर मापं, कोपऱ्यात टाचलेला कापडाचा तुकडा आणि दोन तारखा: निळ्या शाईत ट्रायल, लाल शाईत डिलिव्हरी. चार मशिनी, प्रत्येकीवर दिवसाला तीन अस्तराचे ब्लाउज. दहा दिवसांत एकशेवीस होतात. मास्टरजी नव्वदाव्या नावाला वही मिटतात. उरलेल्या तिसांचा वेळ दुरुस्तीचा. "शिलाई का टाइम तो कोई भी लिख ले, भाभीजी, उधेडने का भी लिखना पड़ता है."

म्हणून ट्रायल डिलिव्हरीच्या पाच दिवस आधी, कच्च्या शिलाईवर. हूक नाहीत, तुरपाई नाही, बाजूच्या शिवणीत इंचभर दाब राखलेला. मग मास्टरजी म्हणणार, "हात वर करा." काखेत कापड रुतलं, की मुंढा काचतोय. तो थोडा कोरला की झालं. कंबर घट्ट असेल तर दाबातून सोडायची. मात्र गळा मोठा कापला गेला, तर मास्टरजी नुसते छताकडे बघतात. कापलेलं कापड परत येत नाही. तुरपाई झाल्यावर हेच काम निघालं, तर अर्धा दिवस उसवण्यातच जातो.

गिऱ्हाइकं खोटं बोलतात, हे मास्टरजींना पाठ आहे. "परवा घरात लग्न आहे," असं सांगणाऱ्या बाईच्या घरात मुलगी चौथीत असते. (शिंपी खोटं बोलतो अशी आपल्याकडे समजूत, वही उलटंच सांगते.) ट्रायलला उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे ते पेन्सिलीने गोल काढतात आणि त्यांना खऱ्याच्या दोन दिवस आधीची तारीख देतात.

मी लक्ष्मीपूजनाचा ब्लाउज टाकला होता. करवा चौथनंतर दिवाळीला साधारण अकरा दिवस मिळतात, त्यातले पहिले दोन कारीगर झोपून काढतात. मला ट्रायल मिळाली सोमवारची. मी गेले बुधवारी, फराळ करत होते म्हणून, आणि माफी मागायची तयारी करून. ब्लाउज टाचण्यांसकट हँगरवर तयार. मास्टरजी म्हणाले, "बिलकुल टाइम पे आयी हो, भाभीजी."

तेव्हा वहीत डोकावले. माझ्या नावापुढे गोल होता. परवा गणगौरसाठी कापड द्यायला गेले, तेव्हा तिथे दोन झाले होते.